लिहिलेलं भाषण कॅमेऱ्यासमोर बोलतं कसं करायचं

सप्टेंबर आला की पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची गडबड सुरू होते. अध्यक्षांचं मनोगत अहवालात छापलं जातं आणि हल्ली त्याचाच तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करून सभासदांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवतात. बहुतेक ठिकाणी ते वाचायला कार्यालयातली एखादी स्वच्छ आवाजाची कर्मचारी उभी केली जाते आणि छापलेलं मनोगत जसंच्या तसं तिच्या समोरच्या प्रॉम्प्टरवर, म्हणजे मजकूर सरकत दाखवणाऱ्या पडद्यावर, चढवलं जातं. मग ती अडखळते, दहा-बारा टेक होतात, आणि सगळे म्हणतात की तिला कॅमेऱ्याची भीती वाटते. माझा अनुभव असा की दहापैकी आठ वेळा दोष मजकुराचा असतो. तो कागदावर डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. तोंडातून काढायला तो बनलेलाच नसतो.

असा मजकूर बदलायचा कसा, हे एका पतसंस्थेसाठी केलेल्या कामातल्या एका परिच्छेदावर दाखवते. संस्थेचं नाव देत नाही आणि आकडे बदलले आहेत. मूळ परिच्छेद असा होता:

«सन 2023-24 या आर्थिक वर्षात संस्थेच्या ठेवींमध्ये भरीव वाढ झालेली असून दि. 31 मार्च 2024 अखेर एकूण ठेवी रु. 42,74,38,916/- इतक्या झालेल्या आहेत. थकबाकीदार सभासदांनी दि. 31 डिसेंबरपूर्वी थकीत हप्त्यांचा भरणा केल्यास त्यांना दंडव्याजात सवलत देण्याचा निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत सर्वानुमते घेण्यात आलेला असून, सदर सवलत न्यायालयीन कारवाई सुरू झालेल्या कर्जखात्यांना लागू राहणार नाही, याची संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी.»

दुसरं वाक्य 36 शब्दांचं आहे. कॅमेऱ्यासमोर सावकाश, समजेल असं वाचलं तर माझ्याबरोबर काम केलेल्या निवेदिकांचा वेग मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द पडतो. म्हणजे या एका वाक्याला जवळजवळ 19 सेकंद लागतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ऐकणारा 19 सेकंद सगळे तुकडे मनात धरून बसतो, आणि शेवटी त्याच्या हाती येतं काय, तर ‘नोंद घ्यावी’. वाचणारा डोळे मागे नेऊन पुन्हा पाहू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही.

आधी अर्थ पक्का करा, शब्द नंतर

पहिलं काम लेखणी न उचलता करायचं. परिच्छेद बाजूला ठेवा आणि शेजारी बसलेल्या माणसाला तो तोंडी सांगा. मी सांगितलं ते असं निघालं: «हप्ते थकलेत त्यांनी 31 डिसेंबरपर्यंत भरले तर दंडव्याज कमी होईल. कोर्टात गेलेल्यांना नाही.» हे सांगणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. नव्या मजकुराचा सांगाडा त्यात आयता मिळतो, कारण तोंडी सांगताना माणूस आपोआप कर्ता आणि क्रियापद जवळ आणतो.

पण इथेच धोकाही आहे. मी ‘31 डिसेंबरपर्यंत’ म्हणाले आणि कागदावर होतं ‘31 डिसेंबरपूर्वी’. ‘पूर्वी’चा अर्थ लावला तर शेवटचा दिवस 30 डिसेंबर होतो, ‘पर्यंत’मध्ये 31 धरला जातो. व्यवस्थापकांना विचारलं, तर त्यांच्या मनात 31 तारीख धरायचीच होती. टंकताना सवयीनं ‘पूर्वी’ पडलं होतं. तसंच ‘दंडव्याजात सवलत’चं मी बोलण्याच्या ओघात ‘दंडव्याज माफ’ करून बसले असते, तर शाखेत भांडणं झाली असती. म्हणून बदल सुरू करण्याआधी न हलणाऱ्या गोष्टींची एक छोटी चिठ्ठी करते: तारीख, रक्कम, दर, अट, अपवाद, आणि ज्याचा कायदेशीर अर्थ आहे असा शब्द. या परिच्छेदात चिठ्ठीवर चार गोष्टी आल्या: 31 डिसेंबर धरून, सवलत (माफी नाही), फक्त दंडव्याजात, आणि कोर्टाची कारवाई सुरू झालेली खाती वगळून. बाकी सगळं हलवायला मोकळं.

‘करण्यात आले आहे’ कुणी केलं?

आता क्रियापदांकडे वळा. आपल्या कार्यालयीन मराठीची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ‘-ण्यात येणे’. घेण्यात आला, सुरू करण्यात आली, कळविण्यात येते. अशा वाक्यात काम झालेलं असतं, पण करणारा कुणी दिसत नाही. कागदावर ते खपतं, कारण खाली सही असते. कॅमेऱ्यासमोर मात्र एक जिवंत माणूस आपल्या डोळ्यांत बघून बोलतोय, आणि त्याच्या वाक्यात माणूसच नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. कारण सांगता आलं नाही तरी ‘वाचतेय’ हे त्याला कळतं.

मजकुरातल्या अशा प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि विचारा: कुणी? ‘निर्णय घेण्यात आलेला आहे’ म्हणजे संचालक मंडळानं ठरवलं. ‘भरणा केल्यास’ म्हणजे तुम्ही हप्ते भरलेत तर. उत्तर मिळालं की वाक्याची उलथापालथ आपसूक होते. क्वचित कुणी केलं याला महत्त्वच नसतं, तिथे ‘सुरू झालीय’, ‘मिळेल’, ‘बदललंय’ अशी साधी क्रियापदं पुरतात.

याच फेरीत ‘असून’, ‘तथापि’, ‘सदर’ हेही जातात. ‘असून’ हा वाक्यांना जोडणारा डिंक आहे. जिथे ‘असून’ दिसेल तिथे पूर्णविराम द्या आणि नवं वाक्य सुरू करा. दहापैकी नऊ वेळा एवढंच पुरतं. नामाआधी लागलेली लांब विशेषणंही फोडायची. ‘न्यायालयीन कारवाई सुरू झालेल्या कर्जखात्यांना’ हे तोंडात ‘ज्या खात्यांवर कोर्टाची कारवाई सुरू झाली आहे, त्यांना’ असं सहज बसतं. शब्द वाढतात, वाढू द्या. ‘ज्या’ ऐकल्यावर कान ‘त्यां’ची वाट बघतो आणि मधला भाग न चुकता पकडतो.

मी, आम्ही, आपण, तुम्ही

मूळ भाषणाची सुरुवात होती: «आपणास विदित आहेच की आपण सर्वांच्या सहकार्यामुळे आपण ही प्रगती साधू शकलो.» एका वाक्यात तीन ‘आपण’. पहिला म्हणजे श्रोते, आदरानं. दुसराही श्रोतेच. तिसरा म्हणजे श्रोते आणि बोलणारा मिळून सगळे. मराठीत ‘आपण’चे हे दोन्ही अर्थ बरोबर आहेत, पण कानाला ते वेगळे काढता येत नाहीत.

मी एक साधा नियम पाळते. ज्याच्याशी बोलतोय तो ‘तुम्ही’. संचालक मंडळ किंवा कर्मचारी ‘आम्ही’. संस्था आणि सभासद मिळून ‘आपण’, आणि म्हणून ‘आपली संस्था’. ‘आपण अर्ज भरावा’ असं वाक्य आलं की ते ‘तुम्ही अर्ज भरा’ करायचं. ‘भरा’ उद्धट वाटेल अशी शंका काही अध्यक्षांना येते. मराठीत ‘भरा’ हे आदराचंच रूप आहे, आणि ‘भरावा’ हे हुकूमनाम्याचं.

वाचणारी व्यक्ती आणि भाषणाचा धनी वेगळे असतील तर ‘मी’ कुणाचा, हे आधी ठरवा. अध्यक्षांचं ‘मला सांगताना आनंद होतो’ हे निवेदिकेच्या तोंडी जसंच्या तसं घातलं तर ती अध्यक्ष होऊन बोलते. तिथे ‘आपले अध्यक्ष सभेत म्हणाले’ असं करा, किंवा सरळ बातमी सांगा. शिवाय मराठीत क्रियापदाला लिंग आहे. ‘सांगतो’, ‘सांगू इच्छितो’, ‘आभार मानतो’ यांतलं एखादं जरी पुरुषाचं रूप निवेदिकेच्या मजकुरात राहिलं, तरी ती टेकमध्ये तिथेच थांबते. शेवटच्या प्रतीत प्रत्येक ‘मी’ शोधून त्याचं क्रियापद तपासायचं.

आणि ‘थकबाकीदार’ हा शब्द. अहवालात तो हिशेबाचा वर्ग आहे. कॅमेऱ्यातून समोरच्याकडे बघत तो उच्चारला की शिक्का होतो. ‘ज्यांचे हप्ते थकलेत’ म्हटलं तरी अर्थ तोच राहतो, आणि ऐकणारा व्हिडिओ बंद करत नाही.

आकडे तोंडात बसतील असे लिहा

42,74,38,916 हा आकडा प्रॉम्प्टरवर दिसला की निवेदिका आधी स्वल्पविराम मोजते. मराठीत एक ते शंभरमधलं प्रत्येक संख्यानाम जवळजवळ स्वतंत्र आहे, आणि ‘एकोणऐंशी’, ‘एकोणनव्वद’ अशा ठिकाणी भलेभले क्षणभर थबकतात. म्हणून बोलायचा प्रत्येक आकडा अक्षरांत लिहायचा. ऐकणाऱ्याला 916 रुपयांशी देणंघेणं नसतं. ‘बेचाळीस कोटी चौऱ्याहत्तर लाख’ एवढं पुरे, आणि नेमकी रक्कम पडद्यावर पट्टीत दाखवा.

आपल्याकडे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन असे तयार शब्द आहेत. ‘आठ पूर्णांक पंचाहत्तर टक्के’ वाचण्यापेक्षा ‘पावणेनऊ टक्के’ म्हणा. दर तोच, तंतोतंत. पण मोठ्या संख्येला हा मोह टाळा. बेचाळीस कोटी चौऱ्याहत्तर लाखांना ‘जवळजवळ पावणेत्रेचाळीस कोटी’ म्हणता येतं, पण ‘पावणेत्रेचाळीस’ ऐकल्यावर ऐकणारा मनात वजाबाकी करायला लागतो आणि पुढचं वाक्य निसटतं. मी विसाच्या वर ‘पावणे’ वापरत नाही. व्याजदरासारखा महत्त्वाचा आकडा ‘पावणे’नं सांगितला, तर तो पडद्यावर 8.75 असा लिहून दाखवाच. तरुण सभासदांपैकी अनेकांना ‘पावणेनऊ’ नऊच्या अलीकडे की पलीकडे, हे पटकन उमगत नाही.

‘भरीव वाढ’ ऐकून काहीच कळत नाही. वाढ कळण्यासाठी आधीचा आकडा लागतो. तो कार्यालयाकडून मागवला, गेल्या वर्षीचे अडतीस कोटी निघाले, आणि विशेषणाची गरजच संपली.

दि., सन, रु., मा., श्री. ही संक्षिप्त रूपं पूर्ण उलगडा किंवा काढून टाका. ‘दि. 31 डिसेंबर’मधल्या ‘दि.’चा उच्चार काय करायचा, हा प्रश्न निवेदिकेनं रेकॉर्डिंगच्या मध्यात विचारू नये.

‘केले’चं ‘केलं’ सगळ्यात शेवटी

बहुतेक लोक इथून सुरुवात करतात. सगळीकडे मात्रेच्या जागी अनुस्वार दिला की भाषण बोली झालं, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. ‘निर्णय घेण्यात आलेला आहे’ या वाक्यात बदलण्यासारखी मात्राच नाही, तरी ते कार्यालयीनच राहतं. म्हणून ही फेरी मी शेवटी करते, आणि संगणकाच्या ‘शोधा-बदला’वर कधीच सोडत नाही.

कारण ए-कारान्त रूप दोन प्रकारचं असतं. नपुंसकलिंगी एकवचनाचं बदलतं: ‘आपले कर्ज’चं ‘आपलं कर्ज’, ‘सगळे काम झाले’चं ‘सगळं काम झालं’. पुल्लिंगी अनेकवचनाचं बदलत नाही: ‘आपले सभासद’, ‘सगळे हप्ते भरले’ हे तसंच राहतं. सरसकट बदल केला की ‘आपलं सभासद’, ‘हप्तं भरलं’ असं काहीतरी तयार होतं. ‘मुळे’, ‘कडे’, ‘तर्फे’ हेही जागचे हलत नाहीत. शंका आली की नाम एक आहे की अनेक, एवढं बघा.

‘झाली आहे’चं ‘झालीय’ करायचं का? ओघात चालणाऱ्या वाक्यात करा. जिथे ऐकणाऱ्यानं थांबून लक्ष द्यायला हवं, तिथे पूर्ण रूप ठेवा. आणि निवेदिकेची स्वतःची मराठी मोडू नका. तिच्या तोंडी ‘मंडळाने’ येत असेल तर ‘मंडळानं’ लिहून तिला पुण्याची करायची गरज नाही. कोल्हापूरच्या, नागपूरच्या किंवा रत्नागिरीच्या सभासदांना आपल्याकडचा आवाज जवळचा वाटतो. मी मजकूर द्यायच्या आधी तिच्याशी दहा मिनिटं इकडचं-तिकडचं बोलते आणि ती काय म्हणते ते टिपून ठेवते: ‘मग’ की ‘तर’, ‘भेटेल’ की ‘मिळेल’.

जोर कुठे पडतो

मराठीत क्रियापदाच्या लगेच आधी जो शब्द येतो, त्यावर आवाज आपोआप टेकतो. ‘एकतीस डिसेंबरपर्यंत हप्ते भरा’ यात जोर हप्त्यांवर पडतो. ‘हप्ते एकतीस डिसेंबरपर्यंत भरा’ यात तो तारखेवर जातो. म्हणून जी गोष्ट लक्षात राहायला हवी, ती क्रियापदाला चिकटवा. निवेदिकेला ‘इथे जोर दे’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा शब्द एक घर पुढे सरकवणं सोपं, आणि ते कृत्रिमही वाटत नाही.

तारखेला आम्ही याहून जास्त जागा दिली, कारण संपूर्ण व्हिडिओ त्या तारखेसाठीच होता. तिला स्वतःचं वाक्य मिळालं. अपवाद कुठे ठेवायचा यावर कार्यालयात बराच वेळ गेला. मुळात तो अगदी शेवटी होता, म्हणजे कोर्टात गेलेल्या खात्याचा माणूस तोवर खूश होऊन बसलेला असणार. तो सवलतीला लागूनच, पण ऐकू येईल असा वेगळा ठेवला. शेवटी मजकूर असा झाला:

«गेल्या वर्षी मार्चअखेर आपल्या ठेवी होत्या अडतीस कोटी. या वर्षी त्या बेचाळीस कोटी चौऱ्याहत्तर लाखांवर गेल्यात.

आता एक कामाची गोष्ट. तुमच्या कर्जाचा एखादा हप्ता थकलाय का? मग एक तारीख लक्षात ठेवा. एकतीस डिसेंबर. थकलेले सगळे हप्ते तुम्ही एकतीस डिसेंबरपर्यंत भरलेत, तर दंडव्याजात सवलत मिळेल. संचालक मंडळानं हे एकमतानं ठरवलंय.

एक मात्र आधीच सांगते. ज्या खात्यांवर कोर्टाची कारवाई सुरू झाली आहे, त्यांना ही सवलत मिळणार नाही. तुमचं खातं त्यात आहे का, हे माहीत नसेल, तर शाखेत येऊन विचारा.»

‘अडतीस कोटी’ मुद्दाम क्रियापदानंतर टाकलंय. बोलताना आपण असं करतो, लिहिताना नाही. पण हे एका परिच्छेदात एकदाच करावं. तीनदा केलं की ते जाहिरातीसारखं ऐकू येतं. ‘शाखेत येऊन विचारा’ हे मुळात नव्हतं. असं नवं वाक्य घातलं की ते वेगळ्या रंगात दाखवून कार्यालयाची संमती घ्यायची, आणि सुरुवातीला केलेली चिठ्ठी नव्या मजकुराशी पुन्हा ताडून बघायची.

प्रॉम्प्टरवर चढवताना

मजकूर युनिकोडमध्ये आहे ना, हे आधी पाहा. अनेक कार्यालयांत अजून जुन्या फॉण्टमध्ये टंकन होतं, आणि ते प्रॉम्प्टरच्या ॲपमध्ये टाकलं की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवा. ‘मुक्ता’सारखा साधा, ठळक फॉण्ट लांबून नीट दिसतो.

एका ओळीत चार-पाच शब्दच ठेवा. ओळ लांब झाली की डोळे डावीकडून उजवीकडे पळतात आणि कॅमेऱ्यात ते स्पष्ट दिसतं, विशेषतः काचेचा प्रॉम्प्टर नसून लेन्सच्या शेजारी मोबाइल ठेवला असेल तेव्हा. ओळ कुठे तोडायची हे ॲपवर सोडू नका. मराठीत नकार शेवटी येतो. ‘ही सवलत मिळणार’ एका ओळीत आणि ‘नाही’ पुढच्या ओळीत गेलं, की निवेदिका पहिली ओळ आनंदानं म्हणते आणि ‘नाही’वर तिचा चेहरा बदलतो. आमच्या पहिल्याच टेकमध्ये नेमकं हेच झालं. मग ओळी अशा तोडल्या:

ज्या खात्यांवर
कोर्टाची कारवाई
सुरू झाली आहे,
त्यांना ही सवलत
मिळणार नाही.

शेवटी एक टेक घ्या आणि व्हिडिओ न बघता फक्त ऐका, हातात मजकूर धरून. ती जिथे अडखळली तिथे खूण करा. जिथे तिनं नकळत शब्द बदलला तिथेही करा, आणि चिठ्ठीवरच्या गोष्टीला धक्का लागत नसेल, तर तिचा शब्दच मजकुरात घ्या. आमच्या निवेदिकेनं ‘एकमतानं’च्या जागी दोन्ही वेळा ‘सगळ्यांनी मिळून’ म्हटलं. व्यवस्थापकांना विचारलं, त्यांनी होकार दिला, आणि तिसऱ्या टेकला काम झालं.